फ्लॅग की टॉप? आधी पोल तपासा, मग लाल दिवसांचा व्हॉल्यूम

प्रश्न: एक मिडकॅप शेअर ९ सेशनमध्ये ४१२ वरून ४९८ ला गेला. तेव्हा रोज २०-२५ लाख व्हॉल्यूम होता. त्यानंतर ११ सेशन झाली, भाव तिथेच अडकलाय. वरचे टप्पे ४९५, ४९१, ४८७ असे उतरतायत, खाली ४७० ला तीनदा टेकून आला. व्हॉल्यूम सरासरी ८ लाखांच्या आत आलाय. ग्रुपमधला एक जण म्हणतो फ्लॅग आहे, भरून ठेव. दुसरा म्हणतो वर माल खपवला जातोय, निघ. चार्टवरून हे ठरवता येतं का?

उत्तर:

बऱ्याच अंशी येतं, पण ११ सेशनच्या त्या चौकटीकडे टक लावून नाही. तेजीतली विश्रांती आणि तेजीचा शेवट, दोन्ही सुरुवातीला दिसायला सारखेच असतात: भाव वर जायचा थांबतो आणि एका पट्ट्यात फिरायला लागतो. ग्रुपमधले दोघेही त्या पट्ट्याला नाव देतायत. फरक सापडतो तो पट्ट्याच्या आधी काय झालं यात, आणि पट्ट्याच्या आत व्हॉल्यूम नेमका कोणत्या दिवशी आला यात. तुम्ही शेअरचं नाव दिलेलं नाही आणि मलाही नको आहे. मी सेबीकडे नोंदलेली सल्लागार नाही, त्यामुळे ‘घ्या’ किंवा ‘विका’ म्हणणार नाही. मी माझ्या पैशासाठी हा चार्ट कसा वाचला असता ते सांगते.

सुरुवात पोलपासून, म्हणजे पट्ट्याआधीच्या त्या सरळ, जोरदार चढणीपासून. फ्लॅग आणि ट्रँगल हे चाल पुढे चालू ठेवणारे पॅटर्न आहेत, म्हणजे मागे चालू ठेवण्याजोगी चाल हवी. ९ सेशनमध्ये ८६ रुपये, जवळपास २१ टक्के, आणि व्हॉल्यूम तगडा. आकड्यांत हा पोल चांगला आहे. पण ४१२ ही सुरुवात कुठून आली ते तुम्ही सांगितलेलं नाही आणि माझ्या मते अर्ध्याहून जास्त उत्तर तिथेच आहे. वीकली चार्ट उघडा. तीन शक्यता आहेत आणि तिन्हींचा अर्थ वेगळा.

पहिली, शेअर काही महिने ३८०-४१५ अशा बेसमध्ये पडून होता आणि या ९ सेशनमध्ये पहिल्यांदाच त्यातून बाहेर पडला. ही पहिली चाल. अशा वेळी ज्यांना ४१२ ला मिळाला नाही ते खाली येण्याची वाट बघत बसलेले असतात आणि ज्यांच्याकडे आहे त्यांना विकायची घाई नसते. इथली विश्रांती वरच्या बाजूला सुटण्याची शक्यता मला सगळ्यात जास्त वाटते.

दुसरी, शेअर २५० पासून चढतोय, मध्ये दोन-तीन विश्रांती होऊन गेल्यात आणि ४१२ ते ४९८ हा सगळ्यात उभा टप्पा आहे. आता ४९८ चा दिवस जवळून बघा. त्या दिवशी संपूर्ण चढणीतला सर्वाधिक व्हॉल्यूम होता का? गॅप घेऊन उघडला, वर मोठी शेपटी सोडली आणि दिवसाच्या खालच्या भागात बंद झाला का? तसं असेल तर तुम्ही ज्याला पोल म्हणताय ती उशिरा आलेल्या खरेदीदारांची शेवटची झुंबड असू शकते. उंची तीच, उतार तोच, पण तो पोल धरून पुढचं टार्गेट काढण्यात अर्थ उरत नाही. पोलचा शेवटचा दिवस मोठा पण नीट बंद झालेला असावा, म्हणजे उच्चांकाच्या जवळ.

तिसरी शक्यता लोक सगळ्यात जास्त विसरतात. शेअर ७०० वरून ४१२ ला पडलेला असेल आणि ४९८ पर्यंतची चाल त्या पडझडीतली उसळी असेल. डेलीवर जो तेजीचा पोल दिसतो तोच वीकलीवर मंदीच्या फ्लॅगचा आतला भाग असू शकतो. मंदीचा फ्लॅग म्हणजे हेच सगळं उलटं: जोरदार घसरण, मग थकलेली चढण.

या तिसऱ्या प्रकारात ठाम उत्तर दर वेळी मिळत नाही, हेही सांगायला हवं. मे २०२० मधला निफ्टी आठवा. जानेवारीतल्या सुमारे १२,४०० वरून मार्चमध्ये ७,५०० च्या आसपास, मग एप्रिलअखेर जवळजवळ ९,९००. मेमध्ये पुन्हा ८,८०० पर्यंत उतार. एप्रिलची चढण हा पोल धरला तर मेमधली घसरण त्याच्या साधारण ४५ टक्के होती, म्हणजे अजून फ्लॅगच्या मर्यादेत. पण मोठ्या पडझडीच्या मानाने एप्रिलची चढण जेमतेम निम्मी होती, त्यामुळे ‘ही मंदीतली उसळी आहे’ म्हणणाऱ्यांचंही चुकत नव्हतं. भावाने पुन्हा वर सुटून जूनच्या पहिल्या पंधरवड्यात १०,३०० गाठलं तेव्हाच वाद मिटला. तोवर ‘दोन्ही शक्य आहे’ हेच प्रामाणिक उत्तर होतं आणि अशा वेळी रक्कम कमी ठेवायची एवढंच हातात असतं.

आता तुमच्या पट्ट्याकडे. भाव ४९८ वरून ४७० पर्यंत आला, म्हणजे ८६ पैकी २८ रुपये परत दिले. हे साधारण एक तृतीयांश झालं. चांगली विश्रांती पोलचा तिसरा हिस्सा ते फार तर निम्मा एवढंच परत देते. तुमच्या बाबतीत निम्म्याची रेषा ४५५ ला येते. भाव ४७० च्या वर टिकतोय तोवर या कसोटीवर तक्रार नाही.

आकाराबद्दल मात्र ग्रुपमधल्या पहिल्या मित्राशी माझं जुळत नाही. फ्लॅगमध्ये वरची आणि खालची, दोन्ही रेषा जवळपास समांतर असतात आणि दोन्ही पोलच्या उलट दिशेला थोड्या कललेल्या असतात. तुमच्याकडे वरची रेषा उतरतेय, ४९५, ४९१, ४८७, पण खालची ४७० वर आडवी आहे. हा फ्लॅग नाही, हा उतरता ट्रँगल आहे. हा फरक कागदापुरता नाही. टार्गेट त्यावरच ठरतं, ते पुढे येईलच. शिवाय उतरत्या ट्रँगलचा झुकाव खाली असतो: विकणारा दर वेळी आधीपेक्षा कमी भावाला विकायला तयार होतोय आणि घेणारा मात्र ४७० च्या वर बोली लावायला तयार नाही. तेजीच्या मधोमध असा ट्रँगल वरही सुटतो, अनेकदा सुटतो. पण खालच्या बाजूने चढत जाणारा ट्रँगल, ज्यात वरची रेषा आडवी असते, जितका विश्वास देतो तितका हा देत नाही.

म्हणून ४७० चे तीन स्पर्श वेगवेगळे बघा. प्रत्येक वेळी तिथून उसळी किती आली आणि किती जोरात? तुमच्या आकड्यांवरूनच दिसतंय की उसळ्या आखूड होत चालल्यात. तिसऱ्यांदा ४७० ला आला तेव्हा व्हॉल्यूम पहिल्या दोन वेळांपेक्षा कमी होता की जास्त, ते तपासा. कमी असेल तर त्या भावाला विकायला फारसं कोणी उरलेलं नाही. जास्त असेल तर तिथली खरेदी कोणीतरी दर वेळी मोठ्या विक्रीने खाऊन टाकतंय आणि चौथ्यांदा ती पुरेलच याची खात्री नाही.

इथून आपण व्हॉल्यूमकडे येतो आणि इथे एक ठरलेला गैरसमज आहे. ‘व्हॉल्यूम आटला म्हणजे फ्लॅग’ हे वाक्य अर्धवट आहे. विश्रांतीत व्हॉल्यूम का आटतो? ज्यांना पटकन नफा घ्यायचा होता त्यांनी वरच विकलेलं असतं, उरलेल्यांना अजून वर भाव हवा असतो, आणि नवे खरेदीदार पाठलाग न करता थांबलेले असतात. दोन्हीकडे शांतता, म्हणून व्यवहार कमी. पण हेड अँड शोल्डर्स घ्या, जो सरळसरळ तेजी संपल्याचा पॅटर्न आहे. त्यातही नेहमीच्या रूपात डाव्या खांद्यावर व्हॉल्यूम भरपूर, डोक्यावर त्याहून कमी आणि उजव्या खांद्यावर सगळ्यात कमी असतो. म्हणजे आटणारा व्हॉल्यूम तिथेही आहेच. तिथे तो आटतो कारण नव्या चढणीला खरेदीदार मिळत नाहीत. नुसत्या सरासरीवरून हे दोन प्रकार वेगळे करता येत नाहीत.

वेगळे करायला मी एक साधी बेरीज करते. पट्ट्यातली सेशन घ्यायची. ज्या दिवशी भाव आदल्या दिवसापेक्षा वर बंद झाला त्या दिवसांचा व्हॉल्यूम एका बाजूला, खाली बंद झाला त्यांचा दुसऱ्या बाजूला, आणि दोन्हींची सरासरी काढायची. समजा तुमच्या ११ सेशनमध्ये ५ दिवस हिरवे आणि ६ लाल आहेत आणि एकूण व्हॉल्यूम ८६ लाख आहे. सरासरी ७.८ लाख, तुम्ही सांगितली तशीच. आता हे ८६ लाख दोन प्रकारे वाटले जाऊ शकतात. एका चित्रात हिरव्या ५ दिवसांत ४८ लाख आणि लाल ६ दिवसांत ३८ लाख: हिरव्या दिवशी सरासरी ९.६ लाख, लाल दिवशी ६.३ लाख. भाव खाली येतो तेव्हा विकणारे विरळ आणि वर जातो तेव्हा थोडी गर्दी. ही विश्रांती. दुसऱ्या चित्रात हिरव्या दिवसांत २६ लाख आणि लाल दिवसांत ६० लाख: हिरव्या दिवशी ५.२ लाख, लाल दिवशी १० लाख. एकूण सरासरी तीच, चार्टखालच्या व्हॉल्यूमच्या कांड्या लांबून तितक्याच खुज्या दिसतील, पण इथे प्रत्येक उसळीवर कोणीतरी विकतंय. तुमच्या दुसऱ्या मित्राला जे म्हणायचंय ते हे. तो बरोबर आहे की नाही हे या बेरजेतून पाच मिनिटांत कळेल आणि मी ती केल्याशिवाय कोणत्याच बाजूने बोलणार नाही.

बेरीज करताना खोटे आकडे वगळा. ब्लॉक डील झालेला दिवस, निर्देशांकातल्या फेरबदलाचा दिवस, दिवाळीचं मुहूर्त ट्रेडिंग, यांतला व्हॉल्यूम पॅटर्नबद्दल काही सांगत नाही. बोनस किंवा स्प्लिट झाला असेल तर आधीचा व्हॉल्यूम नव्या संख्येशी जुळवलेला आहे ना ते बघा, नाहीतर तुलनाच चुकते. आणि पोल चालू असताना शेअर वरच्या सर्किटला अडकत असेल तर ‘व्हॉल्यूम कमी’ याचा अर्थ फक्त विकणारा नव्हता एवढाच. मधल्या काळात तिमाही निकाल असतील तर लोक निकालासाठीच थांबलेले असतात. तशी शांतता मी विश्रांतीची खूण मानत नाही. निकालाच्या दुसऱ्या दिवशी भाव गॅपने उघडेल आणि रेषा कितीही नीट काढलेल्या असल्या तरी कामाला येणार नाहीत.

वेळेचा हिशोबही करून टाकू, तो तुमच्या बाजूने आहे. फ्लॅग साधारण एक ते तीन आठवड्यांत सुटतो. ट्रँगलला जास्त वेळ लागतो, पण दोन्ही रेषा जिथे मिळतात त्या टोकापर्यंत भाव रेंगाळला की जोर संपतो. चांगली सुटका बहुतेकदा टोकापर्यंतच्या अंतराचा निम्मा ते पाऊण भाग पार होतो त्या दरम्यान येते. तुमची वरची रेषा दर सेशनला साधारण १.१ रुपया उतरतेय. ४९८ पासून मोजलं तर ती ४७० ला मिळायला सुमारे २५ सेशन लागतील. म्हणजे १३ व्या ते १९ व्या सेशनच्या मध्ये निर्णय अपेक्षित आहे आणि तुम्ही ११ व्यावर आहात. आत्ता घाई करण्याचं कारण नाही. पण २२-२३ व्या सेशनलाही भाव ४७४ च्या आसपास डुलत असेल तर मी तो चार्ट यादीतून काढून टाकते.

वर सुटला तर मी दोन अटी लावते. एक, दिवसाचा बंद भाव शेवटच्या टप्प्याच्या, म्हणजे ४८७ च्या वर हवा. सकाळी सव्वाअकराला ४८९ दिसला आणि बंद ४८१ ला झाला तर तो ब्रेकआउट नाहीच. उलट असा फसलेला प्रयत्न विकणारा अजून हजर असल्याची खूण आहे. दोन, त्या दिवशीचा व्हॉल्यूम पट्ट्यातल्या सरासरीच्या साधारण दुप्पट, तुमच्या बाबतीत १५ लाखांच्या पुढे. दुप्पट हा काही शास्त्रीय आकडा नाही. मोठ्या, रोज भरपूर व्यवहार होणाऱ्या शेअरमध्ये दीडपट मला पुरते. पातळ शेअरमध्ये एका माणसाच्या ऑर्डरनेही दुप्पट होऊ शकतो, तिथे मी दुसऱ्या दिवसाचा बंद भावही बघते.

खाली तुटला तर मात्र व्हॉल्यूमची वाट बघू नका. भाव वर न्यायला खरेदी लागते, खाली यायला खरेदी नसणं पुरेसं असतं. ४७० च्या खाली ६ लाख व्हॉल्यूमवर बंद झाला तरी ती फूट खरीच मानायची. ‘व्हॉल्यूम नाही, म्हणजे खोटी फूट’ म्हणत बसलेली माणसं मी ४५५ च्या खालीही शेअर धरून बसलेली बघितली आहेत. उतरत्या ट्रँगलची उंची २८ रुपये आहे, म्हणून ४७० तुटल्यावरचं पहिलं मोजमाप ४४२ निघतं. ते पोलच्या निम्म्याच्या खाली आहे आणि तिथे ‘तेजीतली विश्रांती’ हा विचार सोडून द्यायचा.

आता टार्गेट, जिथे नावाचा फरक पैशात उतरतो. समजा शेअर १४ व्या सेशनला ४८८ ला बंद झाला, व्हॉल्यूमही आला आणि तुम्ही तिथे घेतला. स्टॉपलॉस ४६८, आडव्या रेषेच्या जरा खाली. जोखीम शेअरमागे २० रुपये. फ्लॅग म्हणणारा पोलची पूर्ण उंची, ८६ रुपये, पट्ट्याच्या तळात मिळवेल: ५५६. ट्रँगल म्हणणारा त्याची उंची, २८ रुपये, सुटकेच्या भावात मिळवेल: ५१६. पहिल्या हिशोबात २० रुपयांच्या जोखमीवर ६८ मिळतात, दुसऱ्यात २८. तुमचा आकार ट्रँगलचा आहे, म्हणून मी ५१६ धरूनच विचार करेन आणि त्या प्रमाणात हा सौदा मला ठीकठाक वाटतो, भारी नाही. ५१६ ला निम्मे काढून उरलेल्यांचा स्टॉपलॉस ४८८ ला आणायचा आणि पोल पहिल्या प्रकारचा, म्हणजे बेसमधून निघालेला असेल तरच ५५६ ची वाट बघायची. दुसऱ्या प्रकारचा असेल तर ५१६ ला पूर्ण बाहेर. किती घ्यायचे तेही जोखमीवरून: ट्रेडिंगचं भांडवल २ लाख आणि एका सौद्यात १ टक्का, म्हणजे २,००० रुपये जोखीम धरली, तर २० ने भागून १०० शेअर. सुमारे ४९,००० रुपये त्यात अडकतील. गॅपने खाली उघडला तर नुकसान २,००० च्या पुढे जाऊ शकतं, हे आधीच मनाशी धरून ठेवा.

थोडक्यात तुमच्या बाबतीत: पोल आकड्यांत चांगला, परत दिलेली रक्कम मर्यादेत, वेळ अजून शिल्लक, आकार मात्र फ्लॅगचा नाही तर उतरत्या ट्रँगलचा. ४७० आणि ४८७ च्या मध्ये ‘भरून ठेव’ म्हणण्यासारखं आत्ता काही नाही. आधीपासून शेअर हातात असेल तर ‘निघ’ म्हणण्यासारखंही ४७० च्या खाली बंद होईपर्यंत मला काही दिसत नाही, पण यात लाल दिवसांची बेरीज दुसऱ्या चित्रासारखी निघाली नाही हे मी गृहीत धरलंय. ती तशी निघाली तर मी निम्मे ४८७ च्या उसळीवरच काढले असते.

इथेच तीन गोष्टी लिहा: ४१२ च्या आधीचे सहा महिने भाव कुठे होता, ४९८ च्या दिवशीचा व्हॉल्यूम आणि बंद भाव, आणि ११ सेशनची हिरवी-लाल बेरीज. निकालाची तारीख जवळ असेल तर तीही. त्यावरून पुढचं नेमकं बोलता येईल.